शिष्यवृत्ती मिळाली, आता आभारपत्र अडलंय: तुमचे अनुभव सांगा

दगडफूल

परवा दुपारी निवडीचं पत्र आलं. तीनदा वाचलं, कारण गेल्या वर्षीचं नकाराचं पत्रही याच ओळीने सुरू झालं होतं: ‘आपण अर्ज केल्याबद्दल आभारी आहोत.’ तिसऱ्या वाचनात ‘निवड’ हा शब्द डोळ्यांत शिरला आणि मी खोलीचं दार लावून घेतलं.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. विषय दगडफुलं. झाडाच्या सालीवर राखाडी, हिरवट पापुद्रे धरलेले दिसतात ना, ती. त्यांना मुळं नसतात. पाणी आणि क्षार हवेतून, पावसातून थेट घेतात, म्हणून हवा बिघडली की पहिला फटका त्यांना बसतो. शिष्यवृत्ती एका दिवंगत शिक्षकांच्या नावाची आहे, त्यांच्या घरच्यांनी ठेवलेल्या निधीतून मिळते. मुख्य अट एकच: विद्यार्थ्याने स्वतः बाहेर जाऊन निरीक्षणं केली पाहिजेत.

गेल्या वर्षी मी निबंधाची सुरुवात ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे’ अशी केली होती. मग 1866 साल, विल्यम नायलँडर, पॅरिसची लक्झेंबर्ग बाग, शहराच्या हवेचा दगडफुलांशी त्यांनी लावलेला संबंध, हे सगळं. नायलँडर यांच्यावर सबंध परिच्छेद आणि माझ्या कामावर दोन वाक्यं. शिष्यवृत्ती खरं तर त्यांनाच मिळायला हवी होती.

या वर्षी पहिलं वाक्य हे लिहिलं: ‘रहदारीच्या रस्त्याकडेच्या झाडांवर आणि रस्त्यापासून 300 मीटर आतल्या झाडांवर दगडफुलं सारखीच आहेत का, हे मला मोजायचं आहे.’ पुढे फक्त कसं मोजणार ते. एकाच जातीची, साधारण सारख्या घेराची 24 झाडं, निम्मी रस्त्याकडेची, निम्मी आतली. प्रत्येक खोडाच्या चार दिशांना जमिनीपासून एक मीटरवर 10 सेंटिमीटरच्या पाच चौकोनांची शिडी टेकवायची आणि कोणतं दगडफूल किती चौकोनांत आहे ते नोंदवायचं. एकूण 480 चौकोन. दिवसाला दोन झाडं धरली तर 12 दिवस. ओली दगडफुलं फुगतात, हिरवी दिसायला लागतात, ओळखताना घोळ होतो, म्हणून पावसाच्या लगेच दुसऱ्या दिवशी काम करायचं नाही आणि त्यासाठी 2 दिवस राखीव. झाले 14. खर्चाच्या तक्त्यात निम्म्याहून जास्त रक्कम प्रवासाला आणि बाकीची दहापट दाखवणारं भिंग, शिडीची चौकट, नोंदवह्या यांना. ‘इतर खर्च’ हा रकाना मी रिकामा ठेवला.

माझे गुण तेच, शिफारस देणाऱ्या मॅडमही त्याच. बदललं ते एवढंच. म्हणून ज्यांना एकदा नकार आलाय त्यांना सांगते, त्याच ठिकाणी परत अर्ज करा, पण तोच अर्ज करू नका.

आता अडलंय ते आभारपत्राशी. 30 दिवसांत द्यायचंय आणि सहा मसुदे फाडून झालेत. पहिला होता ‘आपल्या उदार दातृत्वाने माझ्या आयुष्याला नवी दिशा मिळाली’. हे मी कोणाशी तरी तोंडावर बोलेन का? नाही. तुम्ही अर्ज कसा केलात, नकार कसा आला, आभार कसे मानलेत, लिहा ना.

चुकीचा लिफाफा

अभिनंदन! माझा अनुभव चार ओळींचा. एका आठवड्यात तीन ठिकाणी अर्ज केले. तिसऱ्या निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्या संस्थेचं नाव तसंच राहिलं. ‘आपल्या संस्थेचे ध्येय मला अत्यंत जवळचे वाटते’ या वाक्यात. अर्थात नकार आला, आणि तो फार सभ्य भाषेत आला याचीच जास्त लाज वाटली. तेव्हापासून पाठवण्याआधी निबंध शेवटच्या वाक्याकडून पहिल्याकडे वाचतो. उलटं वाचलं की डोळा घसरत नाही.

तिसरा वाचक

मी अशाच एका निधीच्या निवड समितीवर आठ वर्षं होतो. नाव अशासाठी की दोघांचे गुण जुळले नाहीत की अर्ज माझ्याकडे यायचा.

दगडफूल, तुझा दुसरा अर्ज का चालला ते मला तुझ्या लिहिण्यावरूनच दिसतंय. 480 हा आकडा. तो लिहिणाऱ्याने काम मनातल्या मनात एकदा करून पाहिलेलं असतं. आणि ते दोन राखीव दिवस तर त्याहून बोलके. पावसाचा विचार केलेला माणूस पैसे घेऊन मध्येच अडकून बसणार नाही, असं वाचणाऱ्याला वाटतं. आमच्याकडे बऱ्याच अर्जांत सगळं सुरळीत होणार असंच गृहीत धरलेलं असायचं.

आत काय चालायचं ते सांगतो. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण फार वेगळंही नसतं. आधी कार्यालयात चाळणी. सही नाही, गुणपत्रिकेचं एक पान नाही, शिफारसपत्र मुदतीनंतर आलं, असे अर्ज आमच्यापर्यंत पोचायचेच नाहीत. हुशारीचा प्रश्नच नाही तिथे. मग उरलेला प्रत्येक अर्ज दोघे वेगवेगळे वाचायचे, एकमेकांचे गुण न बघता. पहिल्या वाचनाला मिनिटं मोजकीच मिळायची, त्यामुळे निबंधाचा पहिला परिच्छेद निसर्गाच्या ओढीत गेला की अर्जदाराचंच नुकसान.

शिफारसपत्राबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण तिथे विद्यार्थी हात झटकून मोकळे होतात. ‘विद्यार्थिनी मेहनती, नम्र व वक्तशीर आहे’ हे पत्र कोणालाही चिकटवता येतं. एकदा एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं की या मुलाने प्रयोगातली स्वतःची चूक स्वतः येऊन सांगितली आणि तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं. बस. त्या मुलाचे गुण मधलेच होते, पण त्या एका वाक्यावर आमची वीस मिनिटं चर्चा झाली. असं वाक्य मिळवायचं तर शिफारस देणाऱ्यांना तीन-चार आठवडे आधी भेटा. शिष्यवृत्तीच्या अटी, तुमचा निबंध आणि तुम्ही त्यांच्याकडे काय काम केलं त्याची अर्ध्या पानाची आठवण हातात द्या. आदल्या दिवशी गेलात तर मेहनती, नम्र व वक्तशीरच मिळणार.

आणखी एक. स्मृतिनिधीच्या शिष्यवृत्त्या दर वर्षी सारख्याच का नसतात असं मुलं विचारतात. मुद्दल मोडायचं नसतं, त्याच्या उत्पन्नातला काही भागच वाटायचा असतो. ही पद्धत जुनी आहे. 1643 साली लेडी अ‍ॅन मोल्सन यांनी हार्वर्डला 100 पौंड दिले ते त्याच्या वार्षिक उत्पन्नातून एखाद्या गरीब विद्यार्थ्याचा निर्वाह चालावा म्हणून. उत्पन्न घटलं की आम्हीही पाचाऐवजी चारच जणांना देऊ शकलो, आणि पाचव्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

सरळ हिशोब

सगळ्यांचं अभिनंदन वगैरे ठीक आहे, पण एक व्यवहाराची गोष्ट कोणी सांगत नाही. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की कॉलेजला अजिबात कळवू नका. कळवलं की ते आपली सवलत तेवढीच कमी करतात. म्हणजे दाता देतो तुम्हाला आणि वाचतात कॉलेजचे पैसे. माझ्या मित्राचं असंच झालं. त्यापेक्षा गप्प बसावं.

दोन खिडक्या

सरळ हिशोब, दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंत, औषध मात्र चुकीचं आहे. माझंच उदाहरण देते.

वर्षाचा एकूण खर्च 100 धरा. घरून 30 येत होते. कॉलेजची सवलत 40, शैक्षणिक कर्ज 30. मग बाहेरची 20 ची शिष्यवृत्ती मिळाली. मी आनंदाने कळवलं आणि पुढच्या महिन्यात कॉलेजची सवलत 40 वरून 20 वर आली. कर्ज होतं तिथेच, 30. म्हणजे शिष्यवृत्ती मिळूनही माझ्या डोक्यावरचं ओझं एका पैशाने कमी झालं नाही. दोन दिवस मी नुसती चिडले होते.

तिसऱ्या दिवशी मदत कक्षात गेले आणि एकच प्रश्न लेखी विचारला: ‘बाहेरची रक्कम आधी कर्जातून वजा करता येईल का?’ तिथल्या बाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. सगळी नाही, पण निम्मी रक्कम कर्जातून वळती करता येईल असं निघालं. शेवटी सवलत 30, कर्ज 20, शिष्यवृत्ती 20, घरचे 30. हे मला कोणी आपणहून सांगितलं नसतं. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, काही ठिकाणी सवलतीला हातही लावत नाहीत. पण विचारायचं ते रक्कम स्वीकारण्याआधी आणि लेखी.

लपवायचं मात्र नाही. माझ्या मदतीच्या अर्जात ‘इतर कुठलीही मदत मिळाल्यास कळवीन’ या ओळीखाली माझी सही होती. शिवाय बऱ्याचदा देणारी संस्था धनादेश थेट कॉलेजच्याच नावाने काढते, मग लपवणार काय?

सरळ हिशोब

सहीची ओळ मी वाचली नव्हती हे कबूल. तरी निम्मेच पैसे वाचले ना तुमचे? माझा राग कायम आहे.

दोन खिडक्या

माझाही आहे.

आईची धावपळ

नमस्कार. माझ्या मुलीची शिष्यवृत्ती मंजूर होऊन चार महिने झाले, अजून खात्यात पैसे नाहीत. कार्यालयात गेलं की या टेबलावरून त्या टेबलावर. दात्यांना थेट फोन केला तर चालेल का? त्यांचा नंबर कसा मिळेल? इथे आभाराचं चाललंय, पण आधी पैसे तर येऊ देत.

तिसरा वाचक

ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण दात्यांना फोन करू नका. एकदा निधी संस्थेकडे सोपवला की आमच्याकडे दाते ना निवड करू शकत, ना हप्ता सोडू शकत. त्यांना फक्त वाईट वाटेल. आधी एक साधी गोष्ट बघा: अर्जावरचं मुलीचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः एक आहे का? मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून आमच्याकडे रक्कम परत आलेली आहे. परत आलेली रक्कम कोणाच्याच टेबलावर दिसत नाही, ती लेखा विभागात पडून असते. तिथे ‘रक्कम पाठवली होती का, परत आली का’ एवढंच लेखी विचारा.

आईची धावपळ

खात्यावर मधलं नाव नाहीच आहे! सोमवारी जाते.

बाबांची फाइल

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या वडिलांच्या नावाने आम्ही भावंडांनी निधी ठेवलाय. रक्कम फार मोठी नाही, वर्षाला दोन मुलांना मिळते. दर वर्षी दोन आभारपत्रं येतात, आई ती एका निळ्या फायलीत लावते.

खरं सांगू का, दगडफूल? त्यातली बरीचशी पत्रं एकच आहेत. ‘आपल्यासारख्या थोर व्यक्तींमुळेच समाज चालतो.’ आई ते वाचते, चष्मा काढते, ‘छान लिहिलंय’ म्हणते आणि फाइल बंद करते. आम्ही थोर वगैरे नाही. बाबा गेल्यावर घरात त्यांचं नाव घेतलं जावं, एवढाच त्यात स्वार्थ.

एका मुलाचं पत्र मात्र आईने मला फोनवर वाचून दाखवलं. तो सुतारकामाचं शिकत होता. त्याने लिहिलं होतं की पैशांतून पटाशांचा संच घेतला, त्यातली सर्वांत बारीक पटाशी तिसऱ्याच दिवशी गाठीच्या लाकडात मोडली, आणि ती धार लावून आखूड करून तो आजही वापरतो. कारण आखूड झाल्यावर ती कोपऱ्यात जास्त चांगली चालते असं लक्षात आलं. बाबांचा लाकडाशी काही संबंध नव्हता, ते गणित शिकवायचे. पण आई अजून विचारते, ‘त्या पटाशीवाल्याचं काय झालं गं?’

तेव्हा तुला आमच्याबद्दल काय वाटतं यापेक्षा तू काय करते आहेस ते लिही. शक्य असेल तर वर्षाच्या शेवटी आणखी चार ओळी पाठव. त्या कोणी मागत नाही, म्हणून त्यांची किंमत वेगळी. आणि एक विनंती, पत्रात पुढच्या वर्षीच्या मदतीची गोष्ट नको. आम्हाला एकदा तसं आलं होतं, चौथ्या ओळीतच. आईला बिचारीला उत्तर काय द्यावं कळेना, कारण ते आमच्या हातातच नाही.

काठावर

बाबांची फाइल, तुमचं वाचून बरं वाटलं, पण मला अर्जाच्याच पायरीवर अडायला होतं. ‘आपली आर्थिक परिस्थिती 300 शब्दांत लिहा.’ माझे वडील अंथरुणाला खिळून आहेत. ते लिहिलं की मला विकल्यासारखं वाटतं, आणि नाही लिहिलं तर कागदावर आम्ही खाऊनपिऊन सुखी. दोन वेळा अर्ज अर्धवट सोडलाय. तुम्ही काय केलंत?

दोन खिडक्या

मी ते हिशोबासारखं लिहिलं. घरात कमावणारी माणसं किती, खाणारी किती, औषधाला उत्पन्नाचा कितवा हिस्सा जातो, फी भरायला नेमके किती कमी पडतात. ‘वडिलांच्या आजारामुळे घरचं उत्पन्न निम्म्यावर आलं’ हे एक वाक्य. बाकी विशेषणं नाहीत. रडू आलं, पण ते लिहून झाल्यावर आलं, कागदावर नाही.

तिसरा वाचक

वाचणारा म्हणून मला हेच बरं वाटायचं. निकड किती हे आकड्यांवरून कळतं. पण प्रामाणिकपणे सांगतो, समितीत सगळे तसे नव्हते. एक सदस्या म्हणायच्या, मुलांनी मन मोकळं केलं नाही तर आपण माणूस ओळखणार कसा? आमचा त्यावर दर वर्षी वाद व्हायचा. त्यामुळे काठावर, हिशोबी लिहिलंस तर तुझे गुण कधीच जाणार नाहीत असं मी म्हणू शकत नाही.

काठावर

म्हणजे वाचणारा कोण भेटतो त्यावर आहे. बघते. 300 शब्दांतले 80 झालेत.

मध्येच सोडलं

निवड झालेल्यांसाठी माझा अनुभव उपयोगी पडेल, जरा कडू आहे. माझी शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, दुसऱ्या वर्षी गेली. गुण चांगले होते! तब्येतीमुळे मी एका सत्रात दोन विषय सोडले. सोडायची परवानगी विभागाने दिली, मला वाटलं झालं. पण शिष्यवृत्तीची अट ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ अशी होती आणि दोन विषय कमी झाल्यावर मी कागदोपत्री अर्धवेळ ठरलो. कोणाचं चुकलं यावर वाद घालत बसलो, तोवर नूतनीकरणाची तारीख उलटली.

नंतर कळलं की आजारपणासाठी एक सत्र स्थगिती मागता येत होती. फक्त ती विषय सोडण्याच्या आधी मागायची होती. मंजुरीच्या पत्राचं दुसरं पान मी वाचलंच नव्हतं, पहिल्या पानावर रक्कम होती ना.

दगडफूल, तुझ्या पत्राचं दुसरं पान वाचलंस का?

दगडफूल

मध्येच सोडलं, तुझी पोस्ट वाचून उठले आणि दुसरं पान काढलं. त्यात आहे: सहा महिन्यांनी एक पानाचा अहवाल, खर्चाच्या पावत्या, आणि झाडांची जागा किंवा संख्या बदलायची असेल तर आधी कळवायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं निघालं, कारण परवाच एका रस्त्याकडेची दोन झाडं छाटलेली दिसली. खोड शाबूत आहे, पण फांद्या गेल्यावर सालीवर ऊन थेट येणार. म्हणजे उद्या तिथे दगडफुलं कमी दिसली तर दोष धुराचा की उन्हाचा, सांगता येणार नाही. दोन पर्यायी झाडं सुचवून आज ईमेल पाठवलं.

तिसरा वाचक, निकालानंतर अभिप्राय मागावा का? गेल्या वर्षी मागायची हिंमत झाली नव्हती.

आणि हा सातवा मसुदा. झोडपा.

‘आदरणीय कुटुंबीयांस,

सरांच्या नावाची शिष्यवृत्ती मला मिळाली. मनापासून आभार. मी झाडांच्या सालीवरची दगडफुलं मोजते. रस्त्याच्या धुराने ती कमी होतात का, हे 24 झाडांवर पाहायचं आहे. हे काम मी एरवीही केलं असतं, पण 8 झाडांवर, कारण प्रवासाला तेवढेच पैसे होते. 8 झाडांवर दिसलेला फरक योगायोगाचाही असू शकला असता. 24 वर तो दिसला, तर मी जरा छातीठोकपणे बोलू शकेन.

तुमच्या निधीतून घेतलेलं भिंग अंगठ्याएवढं आहे. ते डोळ्याला चिकटवून झाडापाशी उभी राहिले की येणारे-जाणारे थांबून विचारतात, काय हरवलं? एकदा एका लहान मुलीने ते मागून घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

गेल्या वर्षी माझा अर्ज नाकारला गेला होता, आणि तो नाकारण्यासारखाच होता. सरांबद्दल मला फक्त पत्रकातल्या तीन ओळी माहीत आहेत. ते कोणत्या झाडांजवळ थांबायचे हे कळलं तर आवडेल.

आपली,’

तिसरा वाचक

अभिप्राय जरूर मागावा. निकालानंतर महिनाभर थांबून, आणि ‘मला का नाही’ असं न विचारता ‘पुढच्या वेळी काय सुधारू’ असं. आम्ही दोन-तीन ओळी द्यायचो. काही समित्या काहीच देत नाहीत, ते मनाला लावून घेऊ नये.

पत्रातलं ‘एरवीही केलं असतं’ मी काढलं असतं. त्यांच्या पैशांची गरज नव्हती असं वाचता येतं ते.

बाबांची फाइल

मी नाही काढणार. आठाची चोवीस झाडं झाली, ती कोणामुळे, हे त्या वाक्याशिवाय कळतच नाही. आणि लहान मुलीचा भाग आई नक्की फोनवर वाचून दाखवेल. शेवटचा प्रश्न फार छान. फक्त उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडे कोणी असं विचारलं असतं तर आईने आधी दोन दिवस नुसता विचार केला असता.

चुकीचा लिफाफा

शेवटच्या वाक्याकडून वर वाचलं. नावं बरोबर आहेत. पण ‘आपली,’ खाली तुझं नाव लिहायला विसरू नकोस.

दगडफूल

वाक्य ठेवलंय. तिसरा वाचक, माफ करा. नाव लिहिलं, सही शाईच्या पेनने केली. झाडं बदलायला परवानगीही आली, एका ओळीत: ‘चालेल, कारण अहवालात लिहा.’

उद्या सकाळी पहिली दोन झाडं. आत्ता खिडकीबाहेर ढग आहेत. रात्री पडला तर राखीव दिवसांतला एक पहिल्याच दिवशी गेला.